प्रोजेक्टच्या सामानाची यादी: दुकानातून काय घ्यायचं, ऑनलाइन काय मागवायचं

प्रश्न: "आम्ही चौघे मिळून ESP32 वर झाडांना आपोआप पाणी घालणारं यंत्र करतोय. दोन सेन्सर, एक छोटा १२ व्होल्टचा पंप. बजेट अगदी मोजकं आहे. ऑनलाइन सगळं स्वस्त दिसतंय, मग सगळं तिथूनच मागवू का? आणि एकूण खर्चाचा अंदाज कसा काढायचा?"

किमती बघण्याआधी यादी पूर्ण करा. ब्लॉक डायग्रामवरून यादी केली की बोर्ड, सेन्सर, पंप आणि अडॅप्टर एवढंच आठवतं. बाकीच्या वस्तू सर्किटच्या आकृतीतली एकेक तार बोटाने धरून गेलात तरच सापडतात. तार कुठून निघते, कशाने जोडली जाते, आणि ती जोडणी कशावर बसते, हे प्रत्येक तारेला विचारा. तुमच्या यंत्रात त्यातून एवढं निघेल: १२ चे ५ व्होल्ट करणारं LM2596 मोड्यूल, पंप चालू-बंद करायला मॉसफेट, पंपाला उलटा समांतर लावायचा 1N4007 डायोड, दोन-चार रेझिस्टर आणि कपॅसिटर, झीरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, स्क्रू टर्मिनल, अडॅप्टरची पिन जिथे बसते तो डीसी जॅक, पाण्याची नळी, डबा आणि स्क्रू. एकेक वस्तू किरकोळ वाटते, पण ऐनवेळी धावपळ होते ती यांच्यासाठीच.

यादीत नुसतं "मॉसफेट" लिहू नका, पूर्ण नंबर लिहा. IRLZ44N आणि IRFZ44N दिसायला सारखेच असतात आणि दुकानात एकाऐवजी दुसरा सहज हातात पडतो. IRF वाल्याला पूर्ण चालू व्हायला गेटवर साधारण १० व्होल्ट लागतात, तर ESP32 ची पिन देते फक्त ३.३. पंप मग अर्धवट फिरतो किंवा फिरतच नाही, आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. IRL वाला कमी व्होल्टेजवर चालू होतो. ३.३ व्होल्टवर त्याची पूर्ण क्षमता मिळत नाही, पण अर्ध्या अँपिअरच्या आतल्या छोट्या पंपाला तेवढं पुरतं.

आता शीटमध्ये प्रत्येक वस्तूसाठी चार आकडे भरा: किती लागणार, किती स्पेअर, कितीच्या पाकिटात मिळते, आणि पाकिटाची किंमत. C, D, E, F हे रकाने याच क्रमाने धरले तर खरा खर्च असा निघतो:

```
=CEILING(C2+D2, E2)/E2*F2
```

दुकान सुटं देत असेल तर E मध्ये 1. ऑनलाइन पानावर "एका रेझिस्टरची किंमत" नगण्य दिसते, पण पाकीट १०० चं असेल आणि तुम्हाला ४ हवे असतील तर उरलेल्या ९६ चे पैसेही तुम्हीच भरता. हे सूत्र तेच दाखवतं.

किमती दोन्हीकडच्या एकाच दिवशी घ्या. दुकानात एकेक वस्तू विचारू नका. पूर्ण यादी लिहून द्या, एकत्र भाव मागा आणि खराब निघाली तर बदलून मिळेल का, हेही तेव्हाच विचारा.

बजेट १०० धरून एक नमुना मांडतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील.

बोर्ड दुकानात २६, ऑनलाइन १८. सेन्सर दुकानात प्रत्येकी ६ प्रमाणे दोनचे १२. ऑनलाइन प्रत्येकी ३, पण तिथून बदलून घेण्यात दिवस जातात म्हणून एक स्पेअर धरून तीनचे ९. पंप १२ आणि ८. LM2596 मोड्यूल ५ आणि ३. अडॅप्टर १२ आणि ११. मॉसफेट दुकानात दोन सुटे ४, ऑनलाइन पाचचं पाकीट ५. रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर, बर्ग स्ट्रिप वगैरे दुकानात ४, ऑनलाइन पाकिटांमुळे १३. झीरो पीसीबी, तारा, टर्मिनल आणि जॅक ७ आणि ९. नळी, डबा, स्क्रू मिळून १० आणि १४.

सगळं दुकानातून घेतलं तर ९२. सगळं ऑनलाइन मागवलं तर ९०, पण त्यावर डिलिव्हरीचे ९ धरले की ९९. म्हणजे ऑनलाइन ठळक स्वस्त पडतं ते फक्त बोर्ड, सेन्सर, पंप आणि मोड्यूल या चार ओळींवर. या चारही वस्तू दुकानात ५५ ला पडतात, ऑनलाइन ३८ ला. बचत १७, त्यातून डिलिव्हरीचे ९ वजा केले तर हातात ८. बाकी ३७ चं सामान दुकानातून. एकूण ८४, वर एक स्पेअर सेन्सर.

डिलिव्हरीचा खर्च एका वस्तूवर टाकून तुलना करू नका, तो पूर्ण ऑर्डरचा असतो. ऑनलाइन हलवलेल्या सगळ्या वस्तूंची मिळून बचत त्याच्यापेक्षा जास्त असली तरच ऑर्डर करा. म्हणूनच पंप एका विक्रेत्याकडे थोडा स्वस्त आणि बोर्ड दुसऱ्याकडे, असं करून दोन ऑर्डरी पाडल्या की गणित उलटतं. दुसरी डिलिव्हरीही ९ ला पडली तर ८४ चे ९३ होतात, दुकानापेक्षाही एक जास्त. "अमुक रकमेवर डिलिव्हरी मोफत" दिसली तर तिथवर पोचायला भरलेलं सामान यादीतलंच आहे का, ते बघा. वर्गातल्या दुसऱ्या गटाबरोबर एकच ऑर्डर टाकलीत तर मात्र फायदा खरा आहे. डिलिव्हरी अर्धी होते आणि पाकिटंही वाया जात नाहीत.

अडॅप्टर ऑनलाइन एकाने स्वस्त असूनही मी दुकानातच धरला आहे. तो तिथल्या तिथे मल्टिमीटरने तपासून घेता येतो आणि त्याची पिन जॅकमध्ये घट्ट बसते का, हेही कळतं.

सेन्सरचा स्पेअर उगाच धरलेला नाही. मातीच्या स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सरच्या काही प्रतींवर TLC555 ऐवजी NE555 चिप असते. तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे ३.३ वर ती नीट चालत नाही. पार्सल आलं की त्याच दिवशी चिपवरचा नंबर वाचा. मग सेन्सर कोरडा धरून आणि रेघेपर्यंत पाण्यात बुडवून रीडिंग घ्या. दोन्हींत ठळक फरक नसेल तर लगेच परत करा, कारण परतीची मुदत पार्सल मिळाल्यापासून मोजतात. ऑर्डर टाकताना सांगितलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस हातात ठेवा.

१०० पैकी १६ शिल्लक राहतात. त्यात सेन्सर, मॉसफेट किंवा पंपही पुन्हा घेता येईल, पण बोर्ड बसत नाही. तो दुकानात २६ आणि एकटा मागवला तर डिलिव्हरी धरून २७. म्हणून बोर्ड जळू न देणं हे बजेटचंच काम आहे. LM2596 मोड्यूल कुठल्या व्होल्टेजवर लावून येईल याचा नेम नसतो. बोर्ड न जोडता आधी त्याला अडॅप्टर लावा, आउटपुटवर मल्टिमीटर धरा आणि वरचा छोटा स्क्रू ५.० येईपर्यंत फिरवा. त्याला बरेच फेरे लागतात, सुरुवातीला आकडा हललाच नाही तरी फिरवत राहा. ५ स्थिर दिसल्यावरच बोर्ड जोडा. मल्टिमीटर यादीत टाकू नका, लॅबमधून मागून घ्या.