हाताने लिहिलेल्या बायोडाटाचा रेझ्युमे करताना आधी तारखा लावून घ्या

प्रश्न: धाकट्या भावाने वहीच्या पानावर बायोडाटा लिहून दिलाय, तो फिटर आहे. मला त्याचा नीट टाईप केलेला रेझ्युमे करायचाय. पण तारखा कुठे नुसतं वर्ष, कुठे पूर्ण तारीख, कुठे फक्त 'दोन वर्षे' अशा आहेत. त्या एकसारख्या कशा करू आणि कोणती माहिती कुठे टाकू?

उत्तर:

सांगलीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कुपवाड, मिरज, शिरवळच्या एमआयडीसीत अर्ज करणारी पोरं अशीच पानं घेऊन येतात. माझा पहिला सल्ला हा की एवढ्यात कॉम्प्युटर चालू करू नका. एक कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला वर्षं खाली खाली लिहा आणि भावाला समोर बसवा. पानावरची वाक्यं जशीच्या तशी टाईप केली तर तारखांचा घोळ फक्त स्वच्छ अक्षरात दिसेल, मिटणार नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगतो. तासगाव तालुक्यातला एक फिटर. त्याच्या पानावर असं लिहिलेलं होतं:

दहावी – २०१२
आयटीआय फिटर – १२ ते १४
अप्रेंटिस – १ वर्ष
कुपवाडची कंपनी – २ वर्षे
शिरवळची कंपनी – ०५/०८/१७ ते २०२०
सध्याची कंपनी – मागच्या दिवाळीपासून
एकूण अनुभव – ९ वर्षे

वाचायला हे ठीक वाटतं. कागदावर वर्षं मांडली की गडबड दिसते. अप्रेंटिसशिप २०१५ च्या ऑक्टोबरात संपली, कुपवाडला तो २०१६ च्या जानेवारीत लागला. तिथे खरंच दोन वर्षं काढली असतील तर तो २०१७ च्या डिसेंबरपर्यंत तिथे हवा. पण शिरवळला तर तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुजू झालाय. एक माणूस पाच महिने दोन कंपन्यांत कसा? त्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं बोटावर मोजली आणि 'दोन वर्षे' लिहिलं. प्रत्यक्षात तो जून २०१७ ला बाहेर पडला होता, म्हणजे नोकरी दीड वर्षाची. ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, म्हणून 'अमुक वर्षे' असं लिहिलेलं दिसलं की दोन प्रश्न विचारायचे: कोणत्या महिन्यात लागलास, कोणत्या महिन्यात सोडलंस.

महिना आठवत नसेल तर अंदाज लावू नका, कागद काढा. दहावीला गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. आयटीआयला ट्रेड सर्टिफिकेट. अप्रेंटिसशिपचा पीएफ कापला जात नाही, तिथे अप्रेंटिसचं प्रमाणपत्र किंवा करारपत्र बघायचं. नोकऱ्यांसाठी नेमणूक पत्र आणि अनुभव दाखला, आणि ते हरवले असतील तर पीएफ. भावाचा यूएएन नंबर आणि पासवर्ड असेल तर ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडा. प्रत्येक नोकरीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे येते.

पीएफवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. सोडल्याची तारीख काही वेळा मालकाने भरलेलीच नसते. आणि पोरगा ठेकेदारामार्फत कामाला असेल तर तिथे कंपनीचं नाव न येता ठेकेदाराचं येतं. पान बघितलं तर कंपनीचं नाव, पीएफ बघितला तर भलतंच कोणीतरी, आणि मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. अशा वेळी रेझ्युमेत दोन्ही लिहायचं: ठेकेदाराच्या फर्मचं नाव, आणि त्याच ओळीत 'कामाचे ठिकाण' म्हणून कंपनी. यात लपवण्यासारखं काही नाही. कुपवाडची निम्मी पोरं ठेक्यावरच सुरुवात करतात.

'मागच्या दिवाळीपासून' हेही तसंच. पान कधी लिहिलं त्यावर 'मागची' कोणती ते ठरतं, आणि या पोराचं पान जुनं होतं. शिवाय २०२१ ची दिवाळी नोव्हेंबरात होती, २०२२ ची ऑक्टोबरात. पगाराच्या पहिल्या स्लिपवर नोव्हेंबर २०२१ निघालं. 'सुगीनंतर', 'जत्रेच्या आधी', 'लग्न झालं त्या वर्षी' हे सगळं बोलताना चालतं, टाईप करण्याआधी त्याचा महिना करून घ्या.

आता साचा ठरवायचा. माझा नियम साधा आहे: नोकरीला महिना आणि वर्ष दोन्ही, शिक्षणाला फक्त उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष. तारीख कुठेच नको. ०५/०८/१७ हे आपल्याकडे ५ ऑगस्ट, पण अमेरिकी पद्धतीने वाचलं तर ८ मे. महिना अक्षरात लिहिला की हा वादच उरत नाही. वर्ष चारही आकड्यांत लिहा. चालू नोकरीला 'आजपर्यंत' हा एकच शब्द ठेवा. एकीकडे 'चालू', दुसरीकडे 'सध्या' असं नको. इंग्रजीत करणार असाल तर महिन्याची पहिली तीन अक्षरं सगळीकडे घ्या, एका ओळीत पूर्ण आणि दुसऱ्या ओळीत तोडलेलं असं करू नका. वरचं पान मग असं झालं, सगळ्यात नवीन नोकरी आधी:

सध्याची कंपनी, नोव्हेंबर २०२१ – आजपर्यंत
घरची द्राक्षबाग, एप्रिल २०२० – ऑक्टोबर २०२१
शिरवळ, ऑगस्ट २०१७ – मार्च २०२०
कुपवाड, जानेवारी २०१६ – जून २०१७
अप्रेंटिसशिप, नोव्हेंबर २०१४ – ऑक्टोबर २०१५

मधली द्राक्षबागेची ओळ त्याच्या पानावर नव्हतीच. शिरवळसमोर '२०२०' आणि सध्याच्या कंपनीसमोर 'दिवाळी' एवढंच असल्याने दीड वर्षाचं अंतर झाकलं गेलं होतं. घरचे म्हणाले, शिरवळची तारीख थोडी पुढे ओढा. ते करायचं नाही. रुजू होताना यूएएन द्यावा लागतो, अनुभव दाखले मागतात, आणि ओढलेले महिने तिथे उघडे पडतात. लॉकडाऊनमध्ये गावी आलो, बाग बघितली, हे एका ओळीत लिहिलं तर बहुतेक ठिकाणी पुढे कोणी काही विचारत नाही.

एकूण अनुभव नव्याने मोजावा लागला. पान जुनं असलं तरी ही ओळ त्याने नंतर टाकली होती, २०२५ मधून २०१६ वजा करून, म्हणून ९ आले. महिने मोजले तर कुपवाडचे १८, शिरवळचे ३२ आणि सध्याच्या कंपनीतले मार्च २०२५ पर्यंतचे ४१. एकूण ९१ महिने, म्हणजे ७ वर्षे ७ महिने. रेझ्युमेत वरच्या ओळीत आम्ही '७ वर्षांहून अधिक अनुभव' लिहिलं आणि अप्रेंटिसशिप त्यात धरली नाही, तिची ओळ वेगळी आहेच. मोजताना सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही महिने धरा, नाहीतर प्रत्येक नोकरीत एक महिना कमी पडतो.

विभागांचं तुम्ही विचारलंत ते यानंतर सोपं आहे. वर नाव, मोबाईल, ईमेल, गाव आणि तालुका. मग दोन ओळींत कोणता ट्रेड आणि किती अनुभव. त्याखाली अनुभव, अप्रेंटिसशिप, शिक्षण, मशीन व कौशल्ये, आणि शेवटी जन्मतारीख व भाषा. पूर्ण तारीख येते ती फक्त जन्मतारखेला, तीही महिना अक्षरात. हाताने लिहिलेल्या पानांत लग्नाच्या बायोडाटाची छाप असते: उंची, रक्तगट, जात, वडिलांचा व्यवसाय, भावंडं. हे सगळं काढा. आधार नंबर तर अजिबात नको, रेझ्युमे कुणाकुणाच्या मोबाईलवर फिरतो ते कळत नाही. एमएस-सीआयटी कुठेतरी 'इतर' मध्ये पडलेलं असतं, ते शिक्षणाखाली त्याच साच्यात आणा. कौशल्यांत 'मेहनती, प्रामाणिक' यापेक्षा व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग रीडिंग, कोणत्या मशीनची असेंब्ली केली हे लिहा. भावाला विचारल्याशिवाय ते पानावर येत नाही, कारण त्याच्या लेखी ते रोजचंच काम.

टाईप करताना तारखा उजव्या कडेला एका रेषेत हव्यात. त्यासाठी स्पेसबार दाबत बसू नका, छापल्यावर किंवा दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर त्या वाकड्यातिकड्या होतात. कागद ए-फोर, दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर समास ठेवा. मग लिहायची जागा १७ सेंटिमीटर उरते. वर्डमध्ये `Tabs` च्या चौकटीत १७ सेंटिमीटर टाका, `Alignment` ला `Right` निवडा. आता कंपनीचं नाव लिहून एकदा टॅब दाबला की तारीख आपोआप कडेला जाते. महिना आणि वर्ष यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी `Ctrl+Shift+Space` दाबा, म्हणजे महिना एका ओळीत आणि वर्ष पुढच्या ओळीत असं तुटत नाही.

मराठीत करत असाल तर युनिकोड फॉन्टमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर, नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पाठवताना नेहमी पीडीएफ पाठवा.

इंग्रजी रेझ्युमे झाला की एक तपासणी मी कधीच सोडत नाही. वर्डच्या `Advanced Find` मध्ये हे टाकायचं:

```
^#^#^#^#
```

हे चार आकडे सलग असलेली प्रत्येक जागा शोधतं. `Find Next` दाबत जा, मोबाईल नंबर आला तर पुढे जा, आणि प्रत्येक वर्षाच्या मागे महिना त्याच पद्धतीने आहे का ते बघा. दोन आकडी राहिलेलं वर्ष यात सापडत नाही, म्हणून छापलेल्या प्रतीवर पेन्सिल घेऊन एकदा वरून खाली जा. मी हे त्या पोराकडूनच मोठ्याने वाचून घेतो आणि कागदपत्रं माझ्या हातात धरतो. त्याने 'ऑगस्ट' म्हटलं की दाखल्यावर ऑगस्ट दिसला पाहिजे.

आणि तळाला 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून ठिकाण, दिनांक, सही ठेवायची असेल तर दिनांकाची जागा रिकामी सोडा. तो प्रत्येक अर्जाच्या वेळी हाताने भरायचा. नाहीतर सहा महिन्यांपूर्वीची तारीख छापलेला रेझ्युमे घेऊन तो गेटवर उभा राहतो.