ठरल्याप्रमाणे खर्च झाला नाही, तर अंतिम अहवालात काय लिहायचं?

प्रश्न : माझी पहिली डॉक्युमेंटरी पूर्ण झाली. अनुदान देणाऱ्यांनी खर्च आणि फलनिष्पत्तीचा अंतिम अहवाल मागितलाय. प्रवासावर मंजुरीपेक्षा जास्त पैसे गेले आणि कबूल केलेले फिल्मचे सगळे खेळही झाले नाहीत. हे लिहू की आकडे जुळवून टाकू?

उत्तर :

लिहा. जुळवलेले आकडे सगळ्यात आधी पकडले जातात. खर्चाच्या प्रत्येक शीर्षाखाली मंजूर रकमेइतकाच खर्च दिसला की वाचणारा लगेच बँकेचं स्टेटमेंट मागवतो.

माझंच उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांवरच्या आमच्या फिल्मला ६ लाख मंजूर होते, आमच्या छोट्या संस्थेच्या नावे. प्रवास-मुक्कामाला १,२०,०००, कॅमेरा-साउंडच्या भाड्याला १,४०,०००, मानधनाला १,८०,०००, संकलन आणि ध्वनिमिश्रणाला १,१०,०००, खेळांना ५०,०००. पाऊस लांबला, रानात गाड्या जाईनात, गाळप उशिरा सुरू झालं. आम्ही पोचलो तेव्हा तळावर मजुरांच्या निम्म्या झोपड्यासुद्धा उभ्या नव्हत्या. सहा दिवस फुकट गेले आणि डिसेंबरात पुन्हा जावं लागलं. प्रवास १,६२,००० वर गेला.

अहवालात मंजूर, प्रत्यक्ष, फरक आणि कारण असे चार रकाने केले. प्रवासापुढे '४२,००० जास्त. हंगाम लांबल्याने दुसरी फेरी' एवढंच. भाड्यात १२,००० वाचले, कारण दुसऱ्या फेरीला एकच कॅमेरा नेला. खेळांचे ३६,००० वाचले. एकूण खर्च ५,९४,०००, शिल्लक ६,०००.

पण कारण खरं असून भागत नाही, परवानगी कधी घेतली तेही बघतात. एका शीर्षाचा पैसा दुसरीकडे किती वळवता येतो, हे करारात बहुधा टक्केवारीत दिलेलं असतं. आधीच्या एका फिल्मला मी न विचारता खर्च केला होता आणि दोन पानी खुलासा लिहीत बसलो होतो. या वेळी दुसऱ्या फेरीआधीच मेल टाकला, होकार आला, त्याची प्रत अहवालाला जोडली. तुम्ही विचारलं नसेल तर आता मागच्या तारखेचं पत्र तयार करू नका. विचारायचं राहून गेलं, असं सरळ लिहा.

सीएंनी एक चूक दाखवली, ती सांगतो, कारण ती बरेच जण करतात. संकलकाचं मानधन ६०,०००. त्यातून १० टक्के टीडीएस कापून ५४,००० दिले. मी बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून ५४,०००च लिहिले होते. खर्च ६०,०००च, उरलेले ६,००० सरकारजमा झाले, त्याचं चलन वेगळं जोडायचं. तळाजवळच्या खानावळीकडे छापील बिल नव्हतं. तिथे रोख व्हाउचर केलं : तारीख, किती जण जेवले, कशासाठी, घेणाऱ्याची सही, रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. ही व्हाउचरं त्याच दिवशी करायची. महिन्याभराने एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली पंधरा व्हाउचरं लेखापरीक्षकाला लांबून ओळखू येतात.

आता खेळ. कबूल केले होते गावातले सहा. फिल्म हाती आली दिवाळीच्या तोंडावर, तोवर मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघून गेलेल्या, गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. म्हणून रात्री तळांवरच पडदा लावला, तीन ठिकाणी. अहवालात 'व्यापक जनजागृती झाली' असं वाक्य टाकायचा मोह झाला होता, खरं सांगतो. त्याऐवजी प्रत्येक खेळाची तारीख, जागा आणि डोकी लिहिली : ८५, ४० आणि १२०.

डोकीच का? पहिल्या तळावर मी हजेरीचा कागद फिरवला आणि माणसं उठून जायला लागली. मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेताना अंगठा दिलेला माणूस पुन्हा कुठल्या कागदावर सही करायला घाबरणारच. मग कागद खिशात घातला आणि खेळ सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी मागून मोजलं. हेही अहवालात लिहिलं, नाहीतर सह्या कुठे आहेत असं विचारलं असतं. एक बाई खेळानंतर उचलीच्या हिशोबाबद्दल बरंच बोलली. ते नावाशिवाय, तळाचा उल्लेख टाळून लिहिलं. अहवाल पुढे कोणाकोणाच्या हाती पडेल, आपल्याला ठाऊक नसतं, आणि तिने होकार दिला होता तो फिल्मसाठी.

राहिलेल्या तीन खेळांसाठी मुदत मागितली नाही, कारण त्यांचा पैसा प्रवासात गेला होता. तेही लिहिलं.

शेवटी शिल्लक. या ६,००० शिवाय खात्यात अनुदानाच्या रकमेचं ३,१४० व्याज जमा होतं. अनेक करारांत व्याजही अनुदानाचाच भाग धरतात, तेवढं कलम वाचून घ्या. आम्ही ९,१४० परत पाठवले आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर सीएंच्या उपयोगिता प्रमाणपत्राखाली लिहिला. तुमचं अनुदान केंद्र सरकारचं असेल तर हे प्रमाणपत्र जीएफआर १२-अ या ठरीव नमुन्यातच लागतं. सीएंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते लेटरहेडवर देतात आणि पुन्हा हेलपाटा पडतो.