बारा महिन्यांचा खर्च आणि एका महिन्याचे अंदाजपत्रक

‘आमच्या वसाहतीतील महिला मंडळात मला वीस मिनिटे, घरखर्चाचे साधे अंदाजपत्रक कसे सुरू करावे, यावर बोलायचे आहे. नमुना म्हणून आमच्याच घरचे आकडे दाखवीन. दरमहा मिळकत ६० हजार. भाडे १५, किराणा-भाजी १४, शाळा आणि शिकवणी ५, वीज-पाणी-फोन ४, प्रवास ४, किरकोळ ३, क्रेडिट कार्डाचे ५ आणि बचत १०. बचतीपैकी ८ विमा योजनेत जातात (दहा वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट; १४ महिने भरले) आणि २ बँकेत; तिथे आता ५० जमले आहेत. शाळेची वार्षिक फी, वाहनाचा विमा, कपडे, समारंभ हे दर महिन्याचे नसल्यामुळे यात धरलेले नाहीत. त्यांचे वर्षाला ७२ होतात आणि ते कार्डावर जातात. कार्डाची बाकी वर्षापूर्वी ६० होती, आता एक लाख आहे. व्याज महिना ३ टक्के. ३६ हजारांची फी तीन महिन्यांनी भरायची आहे. मैत्रिणींना मिळकतीचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला आणि २० टक्के बचतीला हा ५०-३०-२० चा नियम सांगू, की प्रत्येक खर्चाची रोकड वेगळ्या पाकिटात ठेवायची पाकिटांची पद्धत? आमच्या ओळखीच्या विमा प्रतिनिधी शेवटी दहा मिनिटे बचतीवर बोलायला आणि कार्यक्रमाचा खर्च उचलायला तयार आहेत. त्यांना बोलावू का?’

ताई, नियम कोणता सांगावा हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही जो नमुना दाखवणार आहात, तो या स्वरूपात कृपया दाखवू नका. त्याची बेरीज बरोबर साठ येते आणि त्यामुळेच तो फसवा आहे. ज्या घरात महिन्याला दहा हजार शिल्लक पडतात, त्या घराचे देणे एका वर्षात चाळीस हजारांनी वाढू शकत नाही. तुमचे वाढले, याचा अर्थ शिल्लक पडत नाही. पडते आहे ती तूट, आणि ती कार्ड भरून काढत आहे.

हिशेब लांब नाही. कार्ड आणि बचत वगळली, तर तुमचा नेहमीचा खर्च ४५ हजार आहे. वर्षाच्या ७२ हजारांना बारांनी भागले की महिन्याचे सहा हजार होतात, म्हणजे खरा खर्च ५१. गेल्या वर्षभरात कार्डाची सरासरी बाकी ऐंशी हजारांच्या आसपास राहिली असावी, तेव्हा तीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज साधारण अडीच हजार धरू. झाले साडेत्रेपन्न. त्यावर दहाची ‘बचत’ करायची म्हटली, की लागतात साडेत्रेसष्ट आणि येतात साठ. ही साडेतीन हजारांची तूट बारा महिने चालली की वर्षाचे बेचाळीस हजार होतात, आणि तुमची बाकी जवळपास तेवढीच वाढली आहे. आकडे इतके जुळतात, तेव्हा कुठेतरी उधळपट्टी होत असेल अशी शंका घेण्याचे कारण राहत नाही. किरकोळ खर्चाच्या तीन हजारांवरून घरात वाद होत असतील, तर ते आजपासून थांबवावेत. चूक त्या सहा हजारांची आहे, ज्यांना अंदाजपत्रकात जागाच दिली गेली नाही.

तुमच्या व्याख्यानाचा विषय मी हाच ठेवीन. बहुतेक घरांत महिन्याचा खर्च गृहिणीला तोंडपाठ असतो आणि तो लिहून काढल्याने फारसे नवे कळत नाही. अंदाजपत्रक मोडते ते वर्षातून एकदा किंवा दोनदा येणाऱ्या खर्चांमुळे. फी कोणत्या महिन्यात भरायची हे वर्षभर आधी ठाऊक असते, तरीही ती आली की तिला ‘अचानक आलेला खर्च’ म्हटले जाते. वाहनाचा विमा आणि दुरुस्ती, चष्मा, दातांचे काम, कपडे, भेटवस्तू, घरातल्या यंत्रांची देखभाल हे सगळे याच जातीचे. यांपैकी नेमका कोणता खर्च कधी येईल हे कधी कधी सांगता येत नाही, पण सगळ्यांची मिळून वर्षाची रक्कम काय असेल, हे मागच्या वर्षावरून बऱ्यापैकी सांगता येते.

म्हणून सुरुवात पुढच्या महिन्यापासून न करता मागच्या बारा महिन्यांपासून करावी. प्रत्येकीला बँकेचे उतारे आणि कार्डाची बिले घरी समोर घेऊन, दर महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च महिन्याच्या नावासह एका कागदावर उतरवायला सांगा. बेरीज करून बारांनी भागले की जो आकडा येतो, तो भाड्याच्या खालोखाल, दुसऱ्या ओळीवर लिहायचा आणि मिळकत जमा झाली की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचा. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की, मंडळात कोणालाही आपल्या घरची मिळकत उघड करावी लागत नाही. अनेकींना ती सांगायची नसते आणि काहींना ती नीट माहीतही नसते. पण वर्षाची फी किती, हे सर्वांना माहीत असते.

यात एक अडचण पहिल्याच वर्षी येते आणि ती सांगितली नाही, तर तिसऱ्या महिन्यात ही पद्धत सोडून दिली जाते. तुमचेच पाहा. आजपासून दरमहा सहा हजार बाजूला ठेवले, तरी फीच्या वेळी हाताशी असतील अठरा हजार आणि लागतील छत्तीस. बारांनी भागणे हे वर्षभर चाललेल्या खात्याला लागू पडते. नव्या खात्यात सुरुवातीला काहीतरी भर घालावीच लागते. तुमच्याकडे बँकेत पन्नास हजार आहेत, त्यांतले वीस या खात्यात टाका. तीन महिन्यांनी अडतीस होतील, फी भागेल आणि कार्डाला हात लावावा लागणार नाही. ज्यांच्याकडे असे वीस हजार नसतील, त्यांनी पहिला मोठा खर्च येईपर्यंत जितके महिने आहेत, तितक्याच महिन्यांनी त्या खर्चाला भागावे आणि बारांचा भागाकार त्यानंतर सुरू करावा.

उरलेले तीस हजार कार्डात भरा. बँकेतल्या पैशावर मिळणारे व्याज आणि कार्डाचे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या वर जाणारे व्याज यांची तुलनाही होऊ शकत नाही. सध्या तुम्ही पाच हजार भरता, त्यांतले तीन व्याजात जातात आणि मुद्दल दोनच हजारांनी कमी होते. शिवाय बाकी शिल्लक असताना केलेल्या नव्या खरेदीवर बहुतेक कार्डांत पहिल्या दिवसापासून व्याज लागते, ही गोष्ट बिलाच्या मागे बारीक अक्षरांत असते. तीस भरल्यावर बाकी सत्तर हजारांवर येईल.

आता विमा योजनेकडे येऊ, कारण पुढचा पैसा तिथूनच येणार आहे. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकायला मोठा आहे. दहा वर्षे दरमहा भरलेला पैसा विसाव्या वर्षापर्यंत सरासरी पंधरा वर्षे अडकून पडतो आणि पंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांहून थोडेसे जास्त. एका हाताने छत्तीस टक्क्यांनी उसने घेऊन दुसऱ्या हाताने साडेचार टक्क्यांनी गुंतवण्याला बचतीची शिस्त म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटत नाही, कारण त्यांचे दलाली-उत्पन्न तुमच्या हप्त्यावर अवलंबून असते. अशा योजनांत हप्त्याच्या मानाने विमा संरक्षणही फार थोडे असते.

भरलेले एक लाख बारा हजार बुडतील, ही भीती मी समजू शकतो. ते पैसे पूर्ण बुडाले असे धरूनच हिशेब करून पाहू. इथून पुढे सुमारे साडेआठ लाख भरायचे आणि शेवटी एकोणीस लाख वीस हजार मिळायचे, हा व्यवहार नव्याने समोर आला असता तर परतावा किती? पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. झालेले नुकसान पूर्णपणे विसरूनही ही योजना छत्तीस टक्क्यांच्या कर्जासमोर टिकत नाही. तरीही पत्र पाठवून ती बंद करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. करारपत्रात किती हप्त्यांनंतर परतावा-मूल्य, म्हणजे योजना मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम, सुरू होते आणि हप्ते थांबवून योजना कमी रकमेवर चालू ठेवता येते का, हे स्वतः वाचा. ती मुदत दोन-चार महिन्यांवर असेल, तर तेवढे हप्ते भरणे फायद्याचे ठरू शकते. आणि मिळवत्या माणसावर घर अवलंबून असेल, तर आधी केवळ मृत्यूची जोखीम घेणारा साधा मुदत विमा सुरू करून घ्या. त्यासाठी महिन्याला एक हजार धरतो. खरा हप्ता वयानुसार आणि प्रकृतीनुसार ठरेल.

मग नवे अंदाजपत्रक असे दिसेल: नेहमीचा खर्च ४५, वार्षिक खर्चाचे खाते ६, मुदत विमा १ आणि कार्ड ८. सत्तर हजारांची बाकी दरमहा आठ हजारांनी अकरा महिन्यांत फिटते, अर्थात त्या काळात कार्डावर एकही नवी खरेदी न करण्याच्या अटीवर. या अकरा महिन्यांत तुमच्याकडे आजारपणासाठी किंवा नोकरी गेली तर असा वेगळा साठा जवळपास नसेल, हे मी मान्य करतो. मोठी अडचण आलीच, तर कार्डावर मोकळी झालेली मर्यादा वापरावी लागेल. ही जोखीम खरी आहे, पण पन्नास हजार बँकेत ठेवून लाखाचे व्याज भरत राहण्यापेक्षा ती लहान आहे. बारावा महिना उजाडला की तेच आठ हजार आणीबाणीच्या साठ्याकडे वळवा. गुंतवणुकीचा विचार त्यानंतर.

मैत्रिणींना एक पडताळाही शिकवा, कारण अंदाजपत्रक खरे की खोटे हे वहीवरून कळत नाही. महिन्याच्या पहिल्या दिवसाची बँकेतली शिल्लक आणि कार्डाची बाकी लिहून ठेवायची, पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा लिहायची. शिल्लक किती वाढली यातून बाकी किती वाढली हे वजा केले, की त्या घराच्या हातात नेमके काय उरले ते दिसते. उत्तर वहीत बँकेसाठी लिहिलेल्या बचतीपेक्षा कमी असेल, तर एखादा खर्च लिहायचा राहिला आहे. तुमच्या घरात गेल्या वर्षी बँकेत चोवीस हजार वाढले आणि कार्डावर चाळीस. हे एका ओळीत सांगितलेत, तर श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पाकिटे की टक्केवारी, हे ज्याचे त्याने ठरवावे. रोख खर्च करणाऱ्या घरात पाकिटे उपयोगी पडतात; सगळे व्यवहार फोनवरून होत असतील, तर त्यांचा फारसा उपयोग नाही. ५०-३०-२० सांगितलेत, तर त्यातल्या वीस टक्क्यांत बचतीबरोबर किमान रकमेच्या वर केलेली कर्जफेडही धरली जाते, एवढे आवर्जून सांगा. मिळकत दर महिन्याला बदलत असेल, तर गेल्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी आकडा धरावा.

प्रतिनिधी बाईंना नम्रपणे नकार कळवा. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आलेल्या बायकांसमोर त्यांना दहा मिनिटे देणे म्हणजे तुम्ही स्वतः त्या योजनेची शिफारस करण्यासारखे आहे, आणि कार्यक्रमाचा जो खर्च त्या उचलणार आहेत, तो पुढे कोणाच्या तरी हप्त्यातूनच वसूल होणार आहे. मंडळाने तो आपसात वाटून घ्यावा.