निबंधाला दहापैकी सहा, आणि वडिलांची हरकत

प्रश्न : माझी मुलगी नवी मुंबईतील एका आयबी शाळेत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. ज्ञान कसे बनते याचा विचार शिकवणाऱ्या ‘थिअरी ऑफ नॉलेज’ या विषयाच्या सराव निबंधात तिला दहापैकी सहा गुण मिळाले. निबंधात व्याकरणाची एकही चूक नाही, बारा संदर्भ आहेत, भाषा मी स्वतः दोनदा तपासून सुधारली आहे. चार गुण नेमके कुठे कापले, हे शिक्षिका सांगत नाहीत, फक्त रुब्रिक, म्हणजे गुणांच्या निकषांचा तक्ता, दाखवतात. किमान आठ हवेत, कारण परदेशी प्रवेशासाठी एकेक गुण मोलाचा आहे. मुलगी म्हणते सहा बरोबर आहेत, पण ती भिडस्त आहे. फेरतपासणीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा का? निबंध आणि रुब्रिक सोबत जोडत आहे. — एक पालक, नेरूळ

उत्तर : अर्ज करू नये, असे माझे मत आहे. निबंध मी दोनदा वाचला आणि रुब्रिकच्या प्रत्येक स्तराशी ताडून पाहिला. ते ताडणे खाली सविस्तर देतो, कारण शिक्षिकेच्या निर्णयावर आक्षेप घेण्यापूर्वी त्यामागची कारणे आपल्यासमोर असणे आवश्यक आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. चार गुण कुठे ‘कापले’, असे आपण विचारता. गणिताच्या उत्तरपत्रिकेत हा प्रश्न योग्य ठरतो, तेथे चुकलेल्या पायरीचा गुण जातो. या निबंधात मात्र दहापासून खाली उतरत कोणी गुण वजा करीत नाही. गुणांचे पाच स्तर आहेत, प्रत्येक स्तर दोन गुणांचा आहे आणि प्रत्येकाचे वर्णन दोन-चार वाक्यांत दिलेले आहे. निबंध समग्रपणे वाचून तो कोणत्या वर्णनाशी सर्वाधिक जुळतो ते परीक्षक ठरवतो आणि मग त्या स्तरातील वरचा किंवा खालचा गुण देतो. त्या वर्णनांत व्याकरण, शब्दसंपत्ती किंवा संदर्भांची संख्या यांचा उल्लेखही नाही. संदर्भ देणे प्रामाणिकपणासाठी बंधनकारक आहे, पण बारा दिल्याने गुण वाढत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टींच्या बळावर आपण आठ मागत आहात, त्या या मोजपट्टीवर नाहीतच.

आता निबंधाकडे वळू. ज्ञाननिर्मितीत पुराव्यापेक्षा तज्ज्ञांच्या शब्दाला अधिक वजन मिळते का, असा विषय शाळेने दिला होता. आपल्या मुलीने त्यासाठी निसर्गविज्ञान आणि इतिहास ही दोन ज्ञानक्षेत्रे घेतली.

एक-दोन गुणांच्या स्तरावर विषयाशी संबंध क्षीण असतो आणि विधाने निराधार असतात. हा निबंध त्या स्तराचा नाही, यावर वाद नाही. तीन-चारच्या स्तराची ओळख म्हणजे लेखन बहुतांशी वर्णनात्मक असते, आणि येथे मला थोडे थांबावे लागले. आल्फ्रेड वेगेनर यांच्यावरील परिच्छेदात १९१२ साली त्यांनी मांडलेली खंडवहनाची कल्पना, आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे जुळणारे किनारे, दोन्हीकडे सापडणारे जीवाश्म आणि १९३० मधील ग्रीनलँडच्या मोहिमेतील मृत्यू हे सारे क्रमाने आले आहे. ते वाचनीय आहे, पण ते चरित्र आहे. ‘तज्ज्ञांनी पुरावा नाकारला’ हा युक्तिवाद शेवटच्या एका वाक्यात येतो. केवळ हाच परिच्छेद समोर असता तर चार गुण देणाऱ्याला मी दोष दिला नसता.

पाच-सहाचा स्तर मागतो तो विषयावर केंद्रित चर्चा, ज्ञानक्षेत्रांशी काही दुवे, उदाहरणांचा आधार असलेले युक्तिवाद आणि वेगळ्या दृष्टिकोनांची काही जाणीव. हे सर्व निबंधात आहे. ‘तज्ज्ञांवाचून सामान्य माणूस पुरावा वाचूच शकत नाही’ असा विरुद्ध बाजूचा परिच्छेदही तिने लिहिला आहे. म्हणून तिला या स्तरातील वरचा गुण मिळाला.

सात-आठच्या स्तरावर दोन मागण्या वाढतात. ज्ञानक्षेत्रांशी दुवे परिणामकारक असावे लागतात आणि विरुद्ध मताचे काही मूल्यमापन करावे लागते. निबंध अडतो तो येथेच. वेगेनर यांना त्यांच्या काळातील बहुतेक भूवैज्ञानिकांनी का नाकारले? खंड कोणत्या बलाने सरकतात, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण त्यांच्याजवळ नव्हते, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. समुद्रतळाच्या अभ्यासातून नवा पुरावा मिळाला आणि १९६० च्या दशकात चित्र पालटले. मग येथे अधिकाराने पुराव्यावर मात केली, की तज्ज्ञ आणखी एका प्रकारचा पुरावा मागत होते? हा प्रश्न विचारला असता तर मूल्यमापन आपोआप घडले असते. निबंधातील विरुद्ध मत मात्र मांडले जाते आणि पुढच्याच ओळीत सोडून दिले जाते.

इतिहासाचे उदाहरण तर वेगेनरपेक्षाही सरस आहे आणि तेच तिने दोन ओळींत संपवले आहे. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून पुढे आलेल्या रोजनिश्या ह्यू ट्रेव्हर-रोपर या नामवंत इतिहासकाराने अस्सल ठरवल्या आणि थोड्याच दिवसांत कागदाच्या रासायनिक तपासणीने त्या बनावट असल्याचे सिद्ध झाले. इतिहासातील तज्ज्ञाचा शब्द येथे खोटा पडला तो दुसऱ्या क्षेत्राच्या साधनांनी. दोन ज्ञानक्षेत्रांत पुरावा आणि अधिकार यांचे नाते कसे वेगळे असते, हे दाखवण्याची ही आयती संधी होती. निबंध फक्त ‘इतिहासातही तज्ज्ञ चुकतात’ एवढेच म्हणतो.

नऊ-दहाच्या स्तरावर युक्तिवादांच्या परिणामांचाही विचार अपेक्षित असतो. तो निबंधात कोठेही नाही, त्यामुळे त्याची चर्चा लांबवत नाही. माझ्या मते सहा हा योग्य, किंबहुना काहीसा उदार गुण आहे. दुसऱ्या परीक्षकाने पाच दिले तर ते खोडणे मला जमणार नाही.

मला गुणांपेक्षा अधिक अस्वस्थ केले ते आपल्या पत्रातील ‘भाषा मी स्वतः दोनदा सुधारली’ या शब्दांनी. हा सराव होता म्हणून निभावले. अंतिम निबंध बाहेरचे परीक्षक तपासतात आणि तो पूर्णपणे स्वतःचा असल्याचे विद्यार्थ्याला जाहीर करावे लागते. लेखनकाळात शिक्षकांशी तीन औपचारिक चर्चा होतात आणि त्यांची नोंद राहते. शिक्षकांनादेखील संपूर्ण मसुद्यावर एकदाच अभिप्राय देण्याची मुभा आहे, मजकूर दुरुस्त करण्याची नाही. जे शिक्षकांना वर्ज्य आहे ते वडिलांनी केले, तर संकट मुलीवर येते. ज्या गुणांसाठी आपण एवढे व्यग्र आहात त्यांचे प्रमाणही पाहावे : हा विषय आणि विस्तारित निबंध हे डिप्लोमातील स्वतंत्र संशोधनपर लेखन मिळून डिप्लोमाच्या एकूण पंचेचाळीसपैकी जास्तीत जास्त तीन गुण देतात. यांपैकी एकातही सर्वांत खालची ‘ई’ श्रेणी आली तर डिप्लोमा हातचा जातो. सहा गुणांचा निबंध त्या धोक्याच्या जवळपासही नाही.

आणि मुलगी ‘सहा बरोबर आहेत’ म्हणते त्याला आपण भिडस्तपणा म्हणता. रुब्रिक वाचून मीही त्याच आकड्यावर पोहोचलो, तेव्हा तिने ते आपल्याआधी नीट वाचले असावे, असे मला वाटते. तिला ते सहा का वाटतात, हे आपण एकदा विचारून पाहावे आणि मध्ये न बोलता ऐकावे.

शिक्षिकेची भेट घ्यायची असेल तर ती मुलीने एकटीने घ्यावी आणि गुणांविषयी काहीही न विचारता, रोजनिश्यांचे उदाहरण कसे उलगडावे, एवढेच विचारावे. शब्दमर्यादा सोळाशेची आहे आणि त्यापुढचे परीक्षक वाचत नाहीत, म्हणून या उलगड्यासाठी लागणारी जागा वेगेनर यांच्या चरित्रातून काढावी लागेल. कोणत्या ओळी गाळायच्या, हेही तिलाच ठरवू द्यावे.