सांगितलेलं, गृहीत धरलेलं आणि सुचवलेलं

प्रश्न : मुलाला अपठित उताऱ्यात हे वाक्य आलं होतं : ‘व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे या वेळीही रोख दिले.’ उतारा आपल्या रावेरकडच्या केळीच्या व्यवहारावरचा. ‘उताऱ्यात काय सांगितले आहे?’ या प्रश्नाला त्याने ‘तिसऱ्या गाडीचे पैसे थकले’ असं लिहिलं आणि गुण गेले. अर्थ तर तसाच निघतो ना? मग चूक कुठे झाली?

उत्तर : अर्थ निघतो हे खरं, पण तो वाक्याने सांगितलेला नाही, सुचवलेला आहे. शिवाय ‘थकले’ हे सुचवलेल्याच्याही एक पाऊल पुढे गेलं. दोन्ही गोष्टी तपासता येतात.

पहिली कसोटी सोपी आहे. जो अर्थ तुम्हाला दिसतो, त्याच्या उलट वाक्य मूळ वाक्याला जोडून मोठ्याने वाचायचं. ‘व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, आणि तिसरीचे तर आदल्या दिवशीच दिले होते.’ ऐकणारा फार तर म्हणेल, ‘अरे, असं होय!’ पण वाक्य मोडत नाही. आता हे वाचा : ‘व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, पण त्यांतल्या एका गाडीचा एक रुपयाही दिला नाही.’ इथे बोलणारा स्वतःलाच खोटं पाडतो. उलट जोडल्यावर वाक्य मोडलं, तर तो अर्थ सांगितलेला असतो. नुसतं आश्चर्य वाटलं, तर सुचवलेला.

या कसोटीचा एक फायदा असा की शब्दांत नसलेले पण वाक्याला बांधलेले अर्थही सापडतात. ‘पहिल्या गाडीचे पैसे दिले’ असं उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही. तरी ते नाकारलं की वाक्य मोडतं. म्हणून ते सांगितलेल्यातच धरायचं. मुलं इथे उलटी चूक करतात. शब्द जसेच्या तसे सापडले नाहीत म्हणून ‘उताऱ्यात नाही’ असं लिहून मोकळी होतात.

मग ‘बाकीच्या गाड्यांचे पैसे राहिले’ हे मनात येतं तरी कशामुळे? ‘पहिल्या दोन’ या शब्दांमुळे. सगळ्या गाड्यांचे पैसे दिले असते, तर लिहिणाऱ्याने ‘गाड्यांचे पैसे दिले’ एवढंच लिहिलं असतं. ज्याला पूर्ण सांगता येतं तो अर्धं का सांगेल, असा हिशोब आपण न कळत करतो. ‘काही पाहुण्यांनी भरीत खाल्लं’ म्हटलं की सगळ्यांनी खाल्लं नसावं असं वाटतं, तेही याच हिशोबाने. आणि ‘काहींनी खाल्लं, नव्हे सगळ्यांनीच ताव मारला’ असं म्हणून तो हिशोब बोलणाऱ्याला मागे घेता येतो.

पण नीट बघा, या हिशोबातून येतं किती? ‘बाकीच्या गाड्यांचे पैसे अजून दिले नसावेत’, किंवा ‘दिले असतील, पण रोख नसतील’. दोन्ही शक्यता वाक्यात तेवढ्याच बसतात. ‘थकले’ म्हणजे देण्याची मुदत उलटून गेली. मुदतीबद्दल एक अक्षर वाक्यात नाही. तो भाग वाचणाऱ्याने आपल्या अनुभवातून घातला. केळीचे पैसे अडकतात हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, म्हणून तो पटकन खराही वाटतो. अशा वेळी बोट ठेवून बघायचं : हा अर्थ कोणत्या शब्दामुळे आला? बोट ठेवायला शब्द सापडला नाही आणि आजूबाजूच्या वाक्यांतही आधार नसला, तर तो अर्थ आपला, उताऱ्याचा नाही.

आजूबाजूचा आधार म्हणतो त्याचं कारण आहे. एकाने विचारलं, ‘उद्या भुसावळला येतोस का?’ दुसरा म्हणाला, ‘उद्या कापूस वेचायला बाया यायच्या आहेत.’ या उत्तरात नकाराचा एकही शब्द नाही. नकार येतो तो आधीच्या प्रश्नामुळे. प्रश्न काढून टाका, नकारही जातो. आणि ‘पण दुपारनंतर मोकळा आहे, येतो’ असं जोडलं तरी तो जातो. संस्कृत काव्यशास्त्रात यासाठी ‘सूर्य मावळला’ हे जुनं उदाहरण आहे, मम्मटाने ते सविस्तर घेतलं आहे. वाक्य एकच, पण ऐकणाऱ्याप्रमाणे काम थांबवा, गुरं गोठ्यात आणा, संध्येची वेळ झाली, असे वेगवेगळे अर्थ सुचतात. सूर्य मावळल्याचं मात्र सगळ्यांना सारखंच कळतं.

आता तुमच्या वाक्यातला सर्वांत अवघड शब्द : ‘या वेळीही’. यातला ‘ही’ म्हणतो की मागेही पैसे रोखच मिळाले होते. हे सांगितलेलं की सुचवलेलं? उलट जोडून बघा : ‘या वेळीही रोख दिले, मागे मात्र कधीच रोख दिले नव्हते.’ वाक्य मोडलं, म्हणजे हे नुसतं सुचवलेलं नाही. पण याच वाक्याचा प्रश्न करा : ‘पैसे या वेळीही रोख दिले का?’ या वेळी दिले की नाही ते अधांतरी राहिलं, पण मागे रोख दिले होते हे तसंच उभं आहे. प्रश्न विचारूनही जे हलत नाही ते गृहीत धरलेलं. वाक्य ते नव्याने सांगत नाही, आधीच मान्य आहे असं धरून पुढे जातं.

गृहीत अर्थ ओळखायला पुस्तकं बहुधा नकार करून बघायला सांगतात. ‘त्याने उधारी देणं बंद केलं’ आणि ‘बंद केलं नाही’, दोन्हींत तो आधी उधारी देत होता हे टिकतं. इथे नकार चालतो. पण मराठीत ‘ही’ असला की साधा नकार फसवतो. ‘या वेळीही रोख दिले नाहीत’ म्हटलं की अर्थ होतो, मागेही दिले नव्हते. गृहीतच उलटं झालं! म्हणून ‘ही’ असलेल्या वाक्याला क्रियापदात नकार घालू नये. एक तर प्रश्न करावा, नाही तर सगळ्या वाक्याला बाहेरून नाकारावं : ‘या वेळीही रोख दिले, हे खरं नाही.’ मग मागचं तसंच राहतं.

मुलाने उत्तर कसं लिहायला हवं होतं? सांगितलेलं : पहिल्या दोन गाड्यांचे पैसे व्यापाऱ्याने रोख दिले. गृहीत : मागच्या व्यवहारातही पैसे रोख मिळाले होते. सुचवलेलं : बाकीच्या गाड्यांचे पैसे दिले नसावेत किंवा रोख दिले नसावेत. सुचवलेल्याला ‘नसावेत’, ‘दिसतं’ अशी क्रियापदं लावायची सवय असू द्या, ‘नाहीत’ लिहू नये.

उताऱ्यात ‘पहिल्या दोनच गाड्यांचे पैसे दिले’ असं असतं, तर गोष्ट वेगळी होती. ‘दोनच गाड्यांचे दिले, आणि तिसरीचेही दिले’ हे मोडतं. म्हणजे त्या एका ‘च’ने बाकीच्या गाड्यांचे पैसे न दिल्याचं सुचवलेल्यातून उचलून सांगितलेल्यात आणून ठेवलं असतं. ‘थकले’ मात्र तेव्हाही चूकच ठरलं असतं.