सुळ्यांवरून बिबट्या ठरवू नका

नागपूरच्या गोरेवाडा जंगलाजवळ सापडलेल्या कवटीचे छायाचित्र आपण पाठवले असून, तिचे लांब सुळे पाहून ती बिबट्याच्या पिल्लाची मानली आहे. परंतु नर वानराचे सुळेही असेच लांब असतात. छायाचित्रात वरच्या जबड्यात पुढचे दात चारच दिसतात, बिबट्याला ते सहा असतात. दाढाही मांस कापणाऱ्या पात्यांसारख्या नसून, पाने चावण्यासाठी आडव्या कंगोऱ्यांच्या आहेत. निर्णायक खूण मात्र डोळ्यांच्या खोबणीची आहे: दोन्ही प्राण्यांत ती समोर वळलेली असली, तरी वानरात तिच्या मागे हाडाची भिंत असते, बिबट्यात ती मागे उघडी राहते. खालचा जबडा मागे उंच व रुंद आहे, तोही वानराशीच जुळतो. मात्र ती काळ्या तोंडाच्या वानराची की लाल तोंडाच्या माकडाची, हे नक्की ठरवण्यासाठी मुस्कटाची लांबी दाखवणारे, शेजारी मोजपट्टी ठेवून थेट एका बाजूने घेतलेले छायाचित्र पाठवावे.