आठ, बारा, दोन, तीन

"सर्दी झाली की माझ्या पाच वर्षांच्या मुलीला धाप लागते. निळा पंप किती वेळा दिला तर चालतो? सवय तर लागणार नाही ना? आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?"

बालरोग विभागात समुपदेशनाचं काम करताना पावसाळा आणि थंडी असे दोन हंगाम मी हेच ऐकत असते. शब्द बदलतात, चेहरा तोच असतो. अशीच एक आई आली होती, आपण तिला सुजाता म्हणू. नाव बदललंय. सोबत सासूबाई होत्या. मुलगी दम्याने दोन दिवस ऑक्सिजनवर राहून नुकतीच घरी गेली होती, आणि सुजाताच्या मनात एकच घोळत होतं, "मी पंप जास्त दिला, म्हणूनच असं झालं."

मी तिला समजावत बसले नाही. भीती समजावून जात नाही, हाताला काम दिलं की ती आपोआप मागे सरते, या मताची मी आहे. म्हणून टेबलावर पंप, त्याला जोडायची मास्कची नळी म्हणजे स्पेसर, आणि एक कापडी बाहुली ठेवली आणि म्हटलं, "त्या रात्री कसा दिलात, तसाच हिला द्या."

तिने पंप न हलवता स्पेसरला लावला आणि लागोपाठ दोनदा दाबला. मास्क बाहुलीच्या गालापासून चांगला बोटभर वर होता. "ती रडते ना, मग घट्ट धरवत नाही," ती म्हणाली. म्हणजे औषधाचा बराचसा भाग स्पेसरच्या भिंतीला चिकटत होता, थोडा खोलीत उडत होता, आणि छातीपर्यंत जेमतेम काही पोचत होतं. पंप जास्त झाल्याची खंत करणाऱ्या या आईने लेकीला खरं तर कमीच औषध दिलं होतं.

मग पुन्हा केलं, सावकाश. पंप हलवायचा. मुलीला मांडीवर ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. मास्क नाक-तोंडावर फट न राहता टेकवायचा. एक पफ दाबायचा, आणि नेहमीचे पाच-सहा श्वास होईपर्यंत मास्क काढायचा नाही. स्पेसरची झडप हलताना दिसते, तिच्याकडे बघून श्वास मोजता येतात. पुन्हा हलवायचा, मग दुसरा पफ. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी दोन-तीन पफ हवेत मारून घ्यायचे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि तसाच निथळू द्यायचा. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. "पण सवय लागते म्हणतात," त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, "आजी, या निळ्या पंपातलं साल्बुटामॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं. चार-सहा तासांत त्याचा असर ओसरतो. थोडा वेळ हात थरथरतात, छाती धडधडते, तेही जातं. पंप पुन्हा पुन्हा लागतो, तो आतली सूज वाढली म्हणून. सर्दीच्या विषाणूने आलेली ती सूज हा पंप उतरवत नाही." सूज आटोक्यात ठेवण्याचं काम रोजच्या दुसऱ्या पंपाचं, स्टेरॉइडच्या. या घरात सर्दी झाली की तोच बंद करत असत, "आधीच एवढी औषधं चाललीत" म्हणून. नेमकी त्याच दिवसांत त्याची गरज असते. वाफाऱ्याबद्दलही आजींनी विचारलं. लहान मुलं त्या पाण्याने भाजतात आणि दम्याला त्याचा उपयोग होत नाही, एवढंच सांगून मी पुढे गेले.

खरी गाठ सुटली ती दुसऱ्या भेटीत. सुजाताने भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान फाडून आणलं होतं. त्या रात्री पंप दिलेल्या प्रत्येक वेळी तिने चौकटीत पेनाने आकडा लिहिला होता. एवढ्या घाबरलेल्या बाईने वेळा लिहून ठेवल्या, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

"वाचा," मी म्हटलं.

"आठ. बारा. दोन. तीन." ती थांबली. बोट आकड्यांवरून मागे गेलं. "चार तास... मग दोन... मग एकच." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोन वाजताच निघायला हवं होतं."

तोवर तिच्या लेखी पंप म्हणजे दवाखान्याच्या आधीचा शेवटचा उपाय होता. म्हणून ती द्यायलाही घाबरत होती आणि दिल्यावर 'आता उतरेल' म्हणून वाटही बघत होती. पहाटे पाचला लेकीला वाक्य पूर्ण करता येईना, तेव्हा ते निघाले. त्या पानाने तिला दाखवलं की आराम किती वेळ टिकतो, यातच तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मला हे आधीपासून ठाऊक होतं, पण मी सांगितलं असतं तर ती मान हलवून घरी गेली असती.

त्यावरून आम्ही तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद नीट लावला. मुलीला धाप लागली की दोन पफ, एकेक करून. वीस मिनिटं बघायचं. आराम नसेल तर पुन्हा दोन, आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन. तासाभरात हे सहा पफ देऊनही श्वास मोकळा झाला नाही, तर घरी थांबायचं नाही. आराम पडला पण चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि रात्र असेल तर रात्रीच. हा तिच्या मुलीचा कागद. तुमच्या मुलाचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठ्या मुलांचं आणि प्रौढांचं प्रमाण वेगळं असतं, काहींचा तर पंपही वेगळा असतो.

काही खुणा दिसल्या की मात्र वीस मिनिटंही मोजायची नसतात. श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची खळगी आत ओढली जाते. दोन-तीन शब्दांवर बोलणं तुटतं. ओठ निळसर किंवा राखाडी दिसतात. मूल गळून जातं, झोपाळू होतं. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे छातीतली घरघर थांबते, पण मूल थकलेलंच राहतं. आवाज गेला म्हणजे बरं वाटलं असं घरच्यांना वाटतं, पण आवाज उमटायला लागणारी हवाच तेव्हा आत जात नसते. अशा वेळी १०८ ला फोन करायचा, मुलाला बसतं ठेवायचं, आणि गाडी येईपर्यंत दर अर्ध्या-एक मिनिटाला एकेक असे दहापर्यंत पफ देत राहायचं. वाटेत पंप बंद करू नका. 'डॉक्टरांना खरी अवस्था दिसावी' म्हणून औषध थांबवणारे पालक मी पाहिलेत.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरी असेल तर ९२ च्या खालचा आकडा म्हणजे लगेच निघायचं. पण मूल ओढून श्वास घेत असेल आणि आकडा ९६ दिसला, तर मुलाकडे बघा.

पुढच्या जुलैत सर्दी आलीच. पहिल्या शिंकेपासून तिसऱ्या दिवशी रात्री धाप लागली. साडेनऊला दोन पफ, मुलगी झोपली. दीडला आजींनीच सुनेला हलवून उठवलं, छातीतून सूं-सूं येतंय म्हणून. पुन्हा दोन पफ. पावणेचारला तिसऱ्यांदा पंप लागला, तेव्हा आजींनी कालनिर्णयवर दीडखाली पावणेचार लिहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "सव्वादोनच तास झाले. रिक्षा बघ."